किचन केलेली व्हॅन की साधा छोटा हत्ती? आधी आरसी उघडा

"मॅडम, मी सांगलीत विश्रामबागच्या बाजूला मिसळ आणि चहाची गाडी लावायचं ठरवतोय. कोल्हापूरच्या एकाची ईको व्हॅन बघितली, आत किचन तयार आहे, त्यानं व्हॉट्सॲपवर लिहून दिलं की किचन आरटीओत पास आहे, मी 25 हजार टोकन दिलं. आता आरसी बघतोय तर त्यावर पांढऱ्या पाटीची पाच सीटची मोटार कार आहे. दुसरीकडं 2016 चा छोटा हत्ती मिळतोय, हौदा साधा, फिटनेस संपलेलं. कुठली घेऊ आणि टोकन परत मिळेल का?"

दादा, ईको घेऊ नका. किचन चांगलं असेल, स्टील जाड असेल, तरी घेऊ नका, कारण आरटीओच्या हिशोबात ते किचन अस्तित्वातच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की कंपनीनं दिलेल्या माहितीशी म्हणजे आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही आणि जो बदल चालतो त्यालाही आधी आरटीओची मंजुरी लागते. 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही केरळच्या एका केसमध्ये हेच पक्कं केलं. मंजुरीशिवाय बदल केला तर कलम 182अ खाली मालकाला एका बदलामागं 5 हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि गाडी तुमच्या नावावर झाली की रस्त्यावर अडवल्यावर उत्तर तुम्हालाच द्यायचंय, किचन कोणी केलं ते तिथं कोण विचारत बसत नाही. त्यात 2004 च्या केंद्राच्या अधिसूचनेत मोबाइल कॅन्टीन हे ट्रान्सपोर्ट वाहनांच्या यादीत घातलंय, म्हणजे पिवळी पाटी, फिटनेस, टॅक्स वेगळा. पांढऱ्या पाटीची कार तिथपर्यंत न्यायची म्हणजे वर्गच बदलायचा आणि तोही आधीच कापाकापी केलेल्या गाडीवर. खरी भीती मला इन्शुरन्सची वाटते. पॉलिसी पाच सीटच्या कारची आणि आत गॅस पेटलेला, उद्या आग लागली तर तुमच्या गाडीचा क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

छोटा हत्ती मालवाहू म्हणूनच नोंदलेला आहे, म्हणून तुमचा रस्ता तिकडून सोपा. पण हौद्यावर केबिन चढवायच्या आधी वजनाचा हिशोब करा, इथंच बहुतेक जण फसतात. आरसीवर दोन आकडे असतात, रिकामं वजन आणि एकूण वजन, त्यांच्यातला फरक हाच तुमचा पेलोड आणि त्यात ड्रायव्हर पण धरायचा. समजा रिकामं 820 किलो आणि एकूण 1550 आहे, तर हातात 730 किलो राहिले. आता फॅब्रिकेटर जे नेहमी सुचवतो ते मांडून बघू: लोखंडी केबिन 350, ओटा आणि भट्टी 120, व्यावसायिक गॅसचे दोन भरलेले सिलेंडर 75, पाण्याची शंभर लिटरची टाकी म्हणजे 100, दोन बॅटऱ्या 110, फ्रीज 35, माल 60, दोन माणसं 130. झाले 980. म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधीच 250 किलो जास्त! ओव्हरलोडला कलम 194 खाली 20 हजार दंड आहे आणि वर जादा प्रत्येक टनामागं 2 हजार, पण त्याच्याही आधी मागचे पाटे बसतात आणि घाटात ब्रेक कमी लागतो.

मग कमी कुठं करायचं? बॅटरीपासून सुरू करा कारण वीज आणि वजन एकमेकाला बांधलेले आहेत. तुमचा सहा तासांचा धंदा धरला तर छोटा फ्रीज मधून मधून चालतो म्हणून साधारण 360 युनिट नव्हे हां, वॅट-अवर, दिवे 180, धूर ओढणारा पंखा 240, मिक्सर पंधरा मिनिटं 125, बेरीज 905. 150 अँपिअरच्या एका बॅटरीत कागदावर 1800 वॅट-अवर असतात पण रोज निम्म्यापेक्षा जास्त काढले तर ती लवकर बसते, म्हणजे 900 मिळतात आणि इन्व्हर्टर त्यातलेही थोडे खातो. त्यामुळं फॅब्रिकेटर दोन बॅटऱ्या सांगतो. त्यापेक्षा मसाला घरूनच वाटून आणा आणि फ्रीज रात्रभर घरच्या विजेवर गार करून मगच गाडीत जोडा, एका बॅटरीत भागतं, 55 किलो वाचले. इंडक्शनचा विचारच नको, एकटा दोन हजार वॅट ओढतो.

बाकी केबिन हलक्या फ्रेमवर ॲल्युमिनियमच्या पत्र्याची 220, ओटा-भट्टी 90, सिलेंडर एकच 37 (दुसरा घरी ठेवा), पाणी 60, बॅटरी 55, फ्रीज 35, माल 40, माणसं 130. बेरीज 667, म्हणजे 63 किलो शिल्लक राहतात आणि तेवढे राहायलाच हवेत, कारण फॅब्रिकेटरनं सांगितलेलं वजन आणि काट्यावरचं वजन एकच निघेल असं नाही. आपल्याकडं उसामुळं वजनकाट्यांना तोटा नाही, केबिन लागल्यावर भरलेली गाडी काट्यावर न्या, आधी पूर्ण आणि मग नुसती मागची चाकं चढवून. सगळा भार मागच्या चाकांवर गेला असेल तर पाण्याची टाकी पुढं सरकवायची.

क्रम मात्र चुकवू नका. फॅब्रिकेटरला ॲडव्हान्स द्यायच्या आधी केबिनचं ड्रॉइंग घेऊन आरटीओत अर्ज करायचा, मंजुरी हातात आली की मगच वेल्डिंग, मग तपासणी, आरसीवर नोंद, आणि तीच नोंद इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवायची. घरगुती सिलेंडर धंद्याला वापरू नका, तो वेगळा गुन्हा होतो. अन्नाची नोंदणी फॉसकॉस या सरकारी साइटवर ऑनलाइन होते, ती अवघड नाही. आणि आरटीओनं गाडी पास केली म्हणजे विश्रामबागेत उभी करायला परवानगी मिळाली असं नाही, ती 2014 च्या फेरीवाला कायद्याखाली महापालिकेकडून, जागा नक्की करायच्या आधी तिथं विचारून या.

आता तुमचे 25 हजार. आरसी न बघता टोकन दिलं ही चूक तुमच्याकडून झाली आणि समोरचा वकील तेच म्हणणार की साधी खबरदारी घेतली असती तर कळलं असतं, करार कायद्याच्या कलम 19 मध्ये तसा अपवाद खरंच आहे. पण तो गप्प राहून केलेल्या फसवणुकीला आणि नकळत दिलेल्या चुकीच्या माहितीला लागतो. तुमच्या माणसानं "आरटीओत पास आहे" असं स्वतः लिहून दिलंय, ते खोटं आहे हे त्याला माहीत होतं असं दाखवता आलं तर हा अपवाद त्याला वाचवत नाही, तुम्ही करार रद्द करून पैसे मागू शकता. ते चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका, कोर्टात लागलंच तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट जोडावं लागतं. आजच त्याला शांत भाषेत मेसेज करा की आरसीवर बदलाची नोंद नाही म्हणून व्यवहार रद्द करतोय, पंधरा दिवसांत टोकन परत करा. फोनवर भांडू नका, लेखीच बोला. नाही दिलं तर माझ्याकडं या, नोटीस काढू.

आणि छोट्या हत्तीवाल्याला टोकन द्यायच्या आधी परिवहनच्या साइटवर बँकेचा बोजा आणि थकलेली चलनं बघा. फिटनेस त्याच्या खर्चानं, त्याच्याच नावावर करून घ्या, गाडी आठ वर्षांच्या वर गेलीय म्हणून ते इथून पुढं दरवर्षीच लागणार. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या की उरलेले पैसे बँकेतून द्या, रोख नको.