पहिल्या वारीच्या व्हिडिओत नेमकं काय दाखवावं?

पुण्यातून पहिल्यांदाच वारीला निघणाऱ्यांसाठी छोटा व्हिडिओ करतोय. चपला, पाणी, सामान, वागणं यातलं काय दाखवू?

अर्धा व्हिडिओ पायांना द्या. माऊलींच्या पालखीचा पुणे ते सासवड टप्पा तीसेक किलोमीटरचा, त्यात दिवे घाटाची चढण. नवखे हौसेने नवे बूट घालतात. हडपसरच्या आसपास पाऊस येतो, मोजे भिजतात, ओली कातडी घासली जाते आणि घाटाच्या पायथ्याशी टाचेला फोड. म्हणून महिनाभर वापरलेली, मागे पट्टा असलेली सँडल बरी. टाचेला किंवा बोटाला चुरचुरायला लागलं की तिथेच थांबून, पाय कोरडा करून कापडी चिकटपट्टी लावायची. हे प्रत्यक्ष करून दाखवा. "सासवडला बघू" म्हणणारा दुसऱ्या दिवशी लंगडतो. फोड आलाच तर फोडू नये.

पाणी एक लिटरचं पुरे, वाटेत भरून मिळतं. घोट घोट प्यावं. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, बहुधा एक लिटरमध्ये. अर्ध्या बाटलीत घट्ट कालवू नये.

मोठी बॅग दिंडीच्या ट्रकमध्ये, नाव लिहून. अंगावर फक्त रेनकोट, पट्टी, औषधं, थोडे पैसे.

दिंडीच्या ओळी आडव्या कापू नका. वाट हवी असेल तर "माऊली" म्हणा, लोक सरकतात. आणि आंघोळ करणाऱ्या बायकांवर कॅमेरा नको, तुमचासुद्धा.