माहेरी जाणारे पंधरा हजार

प्रश्न : "लग्नाला आठ महिने झाले. बायको दर महिन्याला माहेरी पैसे पाठवते. किती पाठवते ते मला बँकेच्या नोंदींवरून कळलं. मी विषय काढला की ती म्हणते, 'तूही देतोसच ना तुझ्या आईला?' आमची बचत होत नाही. मी संकुचित आहे का?"

फोंड्याला भाड्याने राहणाऱ्या एका जोडप्याची हकिगत इथे उपयोगी पडेल. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तो वेर्ण्याच्या औषध कंपनीत, हातात पगार 46 हजार. ती एका खाजगी कार्यालयात हिशेब बघते, पगार 34 हजार. ती डिचोलीला आईवडिलांना 15 हजार पाठवायची. तो पेडण्याला आईच्या हातात 8 हजार ठेवायचा. भाडं, गाडीचा हप्ता, घरखर्च, पेट्रोल, विमा मिळून 44 हजार जात. दोघांनी वरखर्चाला पाच-पाच हजार काढले की महिन्याअखेर तीन हजार उरत, आणि त्या तीन हजारांवरून भांडण.

दोघे समुपदेशनाला आले ते कायदा पाठ करून. तो म्हणाला, लग्न झालेल्या मुलीवर माहेरची जबाबदारी नसते. हे चूक आहे. विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1987 सालीच सांगितलं आहे. ती म्हणाली, माझा पगार, मी काय वाटेल ते करीन. गोव्यात हे फार लांब जात नाही. इथल्या नागरी कायद्याप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नीची मालमत्ता सामायिक धरली जाते. दोघांचं म्हणणं अर्धवट निघालं ते बरंच झालं, कारण मग आकड्यांकडे वळता आलं.

पहिल्या बैठकीत एकच काम दिलं. आपापल्या आईवडिलांना पैसे कशासाठी लागतात ते ज्याने त्याने विचारून यायचं, आणि एकट्यानेच. जावयाने सासऱ्याला हिशेब विचारला की सासरा एक तर गप्प होतो, नाहीतर "आम्हाला काही नको" म्हणतो. दोन्हींतून खरा आकडा कळत नाही. प्रश्नही "किती पाठवू?" असा नको. आईवडील त्याला "तुला जमेल तसं" म्हणतात आणि मुलगी जमणार नाही इतकं पाठवते. "या महिन्यात कुठे कुठे पैसे गेले?" असं विचारलं की उत्तर येतं.

डिचोलीचं उत्तर असं आलं. वडिलांचे खाणीवर टिप्पर होते. 2012 आणि पुन्हा 2018 साली खाणी बंद पडल्या, एक टिप्पर विकला, दुसऱ्याचं कर्ज पतसंस्थेत अजून आहे. त्याचा हप्ता साडेपाच हजार, चौदा हप्ते शिल्लक. धाकट्या भावाच्या डिप्लोम्याची फी आणि बस मिळून साडेचार हजार, तेही मे महिन्यापर्यंत. उरलेले पाच हजार घरखर्च आणि वडिलांची रक्तदाबाची औषधं.

नवऱ्याला हे काहीच माहीत नव्हतं. त्याच्या डोक्यात "पंधरा हजार, जन्मभर" असा एकच आकडा होता. खरं तर त्यातले दहा हजार संपणारे होते, आणि कधी संपणार तेही ठरलेलं होतं. अशा भांडणांत बहुतेकदा रकमेपेक्षा हेच जास्त बोचतं: कशासाठी, कुठवर, हे माहीत नसणं.

पेडण्याकडून निघालं ते वेगळंच. आईला निवृत्तिवेतन होतं, तिला वरचे पाच हजार पुरत. उरलेले तीन हजार ती पोस्टात आवर्ती ठेवीत टाकत होती, मुलासाठीच. म्हणजे मुलगा जे देत होता त्यातले तीन हजार फिरून त्याच्याकडेच येणार होते, आणि इकडे बायकोला बचत होत नाही म्हणून ऐकवत होता. हे कळल्यावर तिला हसू आलं. त्याला यायला जरा वेळ लागला.

नंतरची मांडणी साधी. दोघांचे पगार एका सामायिक खात्यात, त्यातून वरखर्चाचे पाच-पाच हजार प्रत्येकाच्या खात्यात. ते कुठे गेले हे कुणी विचारायचं नाही. दोन्हीकडच्या आईवडिलांच्या घरखर्चाचे पाच-पाच हजार सामायिक खात्यातून, ठरलेल्या तारखेला. कर्जाचा हप्ता वडिलांच्या हातात न देता थेट पतसंस्थेच्या कर्जखात्यात, बँकेला कायम सूचना देऊन. भावाचे साडेचार हजार मेपर्यंत. शिल्लक तीनवरून सहा हजारांवर गेली. भावाचं शिक्षण संपल्यावर ती साडेदहा होणार, हप्ते फिटल्यावर सोळा.

दोन्ही घरांच्या घरखर्चाचे आकडे सारखे आले हा इथला योगायोग. "तुझ्या आईला जेवढे, तेवढेच माझ्या आईला" हा नियम वरून न्यायाचा वाटतो, पण एका घरी निवृत्तिवेतन आणि दुसऱ्या घरी कर्ज असेल तर तो चालत नाही. एका बाजूला गरज नसताना पैसे जातात, दुसरीकडे तुटवडा तसाच राहतो आणि मग लपवून पाठवणं सुरू होतं.

थेट पतसंस्थेत भरण्याला वडिलांनी हरकत घेतली, "माझ्यावर भरवसा नाही का?" हे बोलणं मुलीनेच केलं. "बाबा, तुम्हाला दर महिन्याला पतसंस्थेत खेप नको म्हणून," एवढंच ती म्हणाली. जावयाचं नाव मध्ये आलं नाही.

आजारपण नियमित रकमेत धरायचं नाही. सहा हजारांतले दोन हजार वेगळे ठेवायचे, पन्नास हजार होईपर्यंत. दहा हजारांवरची कुठलीही मागणी आली तर फोनवर लगेच हो किंवा नाही न म्हणता "उद्या संध्याकाळी सांगते" म्हणायचं आणि रात्री दोघांनी ठरवायचं. इस्पितळात दाखल करायची वेळ असेल तर हा नियम लागू नाही. दोन्ही घरची गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेची कार्डं आहेत का, नूतनीकरण झालंय का, हेही पाहायला सांगितलं. डिचोलीचं कार्ड मुदत संपलेलं निघालं.

सणांचा खर्च मात्र दोघे विसरले होते. लग्नानंतरची पहिली चवथ, माहेरहून सासरी वजें यायचं. म्हणजे मुलीने पाठवलेले पैसे लाडू-करंज्या होऊन पेडण्याला पोचणार! यावर नवऱ्याने आपल्या आईशी बोलायचं ठरलं, कारण सासरची अपेक्षा सुनेने कमी करायला गेलं तर ते उर्मटपणात जमा होतं. आई म्हणाली, पाच नारळ आणि एक डबा पुरे.

ही पद्धत सगळीकडे चालत नाही. पैसा दारूत किंवा जुगाराच्या देण्यात जात असेल तर मासिक रक्कम ठरवून काही उपयोग नाही. तिथे किराणा, औषधं, वीजबिल परस्पर भरावं आणि मूळ दुखण्यावर उपचार बघावेत. जोडीदार एटीएम कार्ड काढून घेत असेल, पगार हातात पडू देत नसेल, तर तो मतभेद नव्हे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळही येतो, आणि तिथे जोडीने समुपदेशनाला बसवण्याआधी छळ सोसणाऱ्या व्यक्तीशी एकटीशी बोलावं लागतं.

तुमच्या बाबतीत आज रात्री रकमेचा विषय काढू नका. बायकोला एवढंच विचारा, त्या पैशांतले कुठले कधी संपणार आहेत. आणि विचारण्याआधी तुमच्या आईला दिलेल्यांचं काय होतं ते विचारून या.