रोस्ट करणं म्हणजे खेचणं का?

'आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर नवीन आलो, फोटो टाकला तर सगळे तुटून पडले. अॅडमिन म्हणतो "रोस्ट आहे रे". मराठीत याला खेचणं म्हणायचं की सरळ अपमान?'

खेचणं जवळचं आहे पण तेच नाही. खेचायला समोरच्याची परवानगी लागत नाही, तो बेसावध असला तर उलट जास्तच मजा. शालजोडीतला तर अजूनच लांब, तो झाकून मारायचा असतो आणि रोस्ट उघडाउघड चालतं.

फरक मला क्रियापदात सापडला. 'मी रोस्ट करून घेतलं' हे सहज बोललं जातं, 'टोमणे मारून घेतले' कोणी म्हणत नाही, आणि 'अपमान करून घेतला' म्हटलं की अर्थच बदलतो, म्हणजे स्वतःच्या मूर्खपणाने तोंडघशी पडलो. रोस्टमध्ये समोरचा स्वतःहून पाठ पुढे करतो. रेडिटवर r/RoastMe मध्ये म्हणूनच हाताने लिहिलेला कागद धरून फोटो काढावा लागतो. तो कागद म्हणजे 'हाणा मला' ही लेखी परवानगीच, आणि दुसऱ्याचा फोटो परस्पर टाकून त्याची टर उडवू नये ही सोयही त्यातच आहे.

आपल्याकडे हे नवीन नाही बरं का. साताऱ्यातल्या खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात, बोरीचा बार म्हणतात त्याला. दिवस ठरलेला, ओढा मध्ये, त्यामुळे शिवी कोणालाच लागत नाही. हीच शिवी दुसऱ्या दिवशी बाजारात दिली तर भांडण होईल, शब्द तोच असला तरी! ठरलेल्या चौकटीत शिवी खाऊन हसता येणं म्हणजे 'हा आपल्यातला' याचा पुरावाच असतो, मजा येते ती त्याची.

नवीन माणसाला ओढा दिसत नाही, फक्त शिवी ऐकू येते. मग एक तर तो दुखावतो, नाहीतर याहून वाईट म्हणजे 'इथे असंच बोलतात' असं धरून ज्याने कागद धरलाच नाही अशा कोणावर तरी घसरतो.

तुझ्या केसमध्ये मी दोन गोष्टी बघेन. तू टाकलास तो साधा फोटो की 'करा रोस्ट' म्हणून टाकलेला? आणि कमेंट कशावर होत्या? 'मिशी ईएमआयवर घेतलीस का, दर महिन्याला थोडी थोडी येतेय' हे रोस्ट, कारण मिशी तू हौसेने ठेवलीस आणि उद्या काढूही शकतोस. जात, रंग, घरची परिस्थिती काढली असेल तर अॅडमिन काहीही म्हणो, तो अपमानच. आणि हो, तू उलट अॅडमिनच्या हेअरस्टाइलवर एक हाणून बघ, तो हसला तर रोस्ट, तुला रिमूव्ह केलं तर तुझा 'सरळ अपमान' हाच शब्द बरोबर होता.