सुट्टीच्या दिवशीच डोकं का उठतं?

"आठवडाभर धावपळ असते, ताण असतो, तेव्हा काही होत नाही. डोकं उठतं ते नेमकं सुट्टीच्या दिवशी. मला आरामच मानवत नाही का?"

आराम मानवतो, त्याच्यासोबत येणारा बदल मानवत नाही. हे विचारणाऱ्या बाई शिक्षिका होत्या, वय अडतीस, अर्धशिशीचं निदान डॉक्टरांनी आधीच केलेलं. मी त्यांना सहा आठवडे डायरी ठेवायला सांगितली. त्यात दुखण्याबरोबरच उठण्याची वेळ, पहिला घास आणि पहिली कॉफी हेही लिहायचं होतं.

डायरी उघडली आणि आम्ही दोघी त्या पानांकडे बघतच राहिलो. कामाच्या दिवशी पावणेसहाला उठणं, सातला कॉफी आणि नाश्ता. रविवारी साडेनऊला उठणं, दहाला कॉफी, साडेअकराला पहिला घास. आणि अकराच्या सुमारास उजव्या डोळ्यामागे ठणका सुरू. झोप लांबली, पोट चौदा-पंधरा तास रिकामं राहिलं, कॉफी तीन तास उशिरा मिळाली, त्यात आठवड्याचा ताण एकदम उतरला. मेंदूच्या दृष्टीने चार बदल एकाच सकाळी!

पंख्याचा आवाज थोड्या वेळाने आपल्याला ऐकू येईनासा होतो, कारण मेंदू त्याला सरावतो. अर्धशिशी असलेल्या बऱ्याच जणांचा मेंदू, डोकं दुखत नसतानाही, असा सहज सरावत नाही. शिवाय झोप, भूक आणि संप्रेरकांचं घड्याळ सांभाळणारा मेंदूतला भाग, हायपोथॅलॅमस, झटक्याच्या आदल्या दिवसापासूनच जागा झालेला दिसतो. बाईंच्या डायरीतही शनिवारी संध्याकाळी जांभया, आखडलेली मान आणि गोड खाण्याची तलफ अशा नोंदी होत्या. त्या चॉकलेटला दोष देत होत्या. मला वाटतं, झटका आधीच सुरू झालेला होता आणि तलफ हे त्याचंच लक्षण होतं.

आम्ही सगळं एकदम बदललं नाही, नाहीतर तोही बदलच झाला असता. आधी फक्त उठण्याची वेळ: सुट्टीलाही पावणेसातच्या आत. मग उठल्यावर तासाभरात थोडं खाणं. कॉफी शेवटी, रोजच्या वेळेच्या जवळ. दुपारची डुलकी वीस मिनिटांची.

तिसऱ्या महिन्यात चार झटक्यांचे दोन झाले. पाळीच्या आदल्या दिवशीचा मात्र राहिला. तो दिनचर्येने हटला नाही, त्यासाठी त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवलं. वेदनाशामक गोळ्यांचे दिवसही मोजायला लावले, कारण साध्या गोळ्या महिन्यात पंधरा दिवस आणि खास अर्धशिशीसाठीच्या ट्रिप्टान गोळ्या दहा दिवस घेतल्या जाऊ लागल्या, की त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखू शकतं. आणि दुखणं कधी अचानक, क्षणात असह्य झालं, किंवा हातपाय लुळे पडले, तर डायरी बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं, हे पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

रात्रीचे समारंभ त्यांनी सोडलेले नाहीत. उशीर झाला तरी गजर पावणेसातचाच असतो. उठून चार घास खातात, कॉफी घेतात आणि दुपारी वीस मिनिटं आडव्या होतात.