झेंड्याआधीचे न लिहिलेले वाक्य

"तो मेसेजला तीन-तीन तास उत्तर देत नाही. मीम्समध्ये याला सरळ रेड फ्लॅग म्हणतात. एरवी माझी खूप काळजी घेतो. मी हे नाते थांबवू का?"

पंचविशीतल्या या तरुणीने (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) पहिल्याच सत्रात जपून ठेवलेली मीम्स मला दाखवली. एकात उशिरा उत्तर देणे हा रेड फ्लॅग होता, तर दुसऱ्यात क्षणात उत्तर देणे हाही रेड फ्लॅगच, कारण 'याला दुसरे काम नाही का?' ती दोन्हींना हसली होती. असे होते, कारण मीममध्ये फक्त एक वागणे आणि एक झेंडा असतो. त्या दोहोंना जोडणारे वाक्य अध्याहृत राहते आणि ते आपण आपल्याही नकळत भरतो. ते लिहून टाकले, तर विनोदच संपेल.

मी तिला वहीत तीन रकाने आखायला सांगितले: वागणे, झेंडा आणि मधले वाक्य. उशिरा येणाऱ्या उत्तरापुढे तिने लिहिले, "ज्याला आपण हवे असतो, तो कामातूनही सवड काढतो." पण त्याच्या कामाच्या जागी फोन बाहेर ठेवावा लागतो आणि पाळी संपताच त्याचे उत्तर येते, हे तिला ठाऊक होते. तो रकाना तिने स्वतःच खोडला.

अडले ते ग्रीन फ्लॅगपाशी. "पोहोचलीस की लोकेशन पाठव" या वागण्यापुढे तिने 'काळजी' एवढेच लिहिले होते. एखाद्या दिवशी पाठवले नाही तर काय होते, असे मी विचारले. बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "मागे फोनची बॅटरी संपली होती, तेव्हा दोन दिवस बोलला नाही. तेव्हापासून मी सोबत फोटोही पाठवते."

विचारपूस करणाऱ्याला उत्तर मिळाले नाही, तर तो काळजीत पडतो. हिशेब मागणारा मात्र शिक्षा करतो. दोघांचे शब्द सारखेच असतात, म्हणून फरक कळतो तो आपल्या नकारानंतर. अर्थात, मारहाणीची किंवा धमकीची भीती असेल, तिथे असा नकार देऊन पाहू नये. तिथे आधी सुरक्षिततेचे बोलावे लागते. मी तसे स्पष्ट विचारले. तशी भीती नसल्याचे तिने सांगितले आणि पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी "आज लोकेशन पाठवणार नाही, मैत्रिणींसोबत आहे" असे त्याला कळवायचे तिने ठरवले.

त्या संध्याकाळी त्याचे अकरा फोन आले. पुढच्या सत्रात तिने वही उघडली, तेव्हा 'काळजी' खोडून तिथे लिहिलेले होते: "मी कुठे आहे हे त्याला माहीत नसेल, तर मी काहीतरी चुकीचेच करत असणार."