मेहरूण तलावाच्या रात्रीच्या फोटोत आतिषबाजी खरी वाटेल अशी कशी बसवायची?

प्रश्न: जळगावला मेहरूण तलावाच्या काठावरून रात्री पलीकडच्या इमारतींचा फोटो काढला आहे. दिवाळीत काढलेली आतिषबाजी फोटोशॉपमध्ये त्यावर स्क्रीन मोडने टाकली, पण चिकटवल्यासारखी दिसते. भोवती फिकट चौकोनही दिसतो. पाण्यातलं प्रतिबिंब कसं करायचं?

उत्तर:

भाऊ, आधी चौकोनाचं बघू, कारण त्याचं काम दोन मिनिटांचं आहे. स्क्रीन मोडमध्ये फक्त शुद्ध काळा रंग नाहीसा होतो. दिवाळीच्या रात्रीचं आभाळ मात्र कधीच शुद्ध काळं नसतं, धूर आणि गावातल्या दिव्यांचा उजेड त्यात मिसळलेला असतो. स्क्रीनचा हिशोब असा आहे:

```
255 - (255 - खालचा) × (255 - वरचा) / 255
```

समजा तलावावरच्या आभाळाची किंमत 40 आहे आणि आतिषबाजीच्या फोटोतल्या आभाळाची 20. दोन्ही मिळून 57 होतात. भोवतालचं आभाळ 40 च राहतं, म्हणून 57 चा चौकोन उठून दिसतो. त्यावर उपाय म्हणजे आतिषबाजीच्या लेयरवर Levels लावायचं, ते फक्त त्याच लेयरपुरतं जोडायचं, आणि काळ्या टोकाची खूण 20 च्या थोडी पुढे, 25-30 पर्यंत सरकवायची. चौकोन जातो आणि पातळ धूरही बराचसा जातो. कडा रबराने खोडत बसू नका, त्याने ठिणग्यांची टोकंही जातात.

जाड राखाडी धूर असलेला फोटो मात्र वापरूच नये. खरा धूर मागचे दिवे झाकतो. स्क्रीन फक्त उजळ करू शकतो, काही झाकू शकत नाही, त्यामुळे तो धूर इमारतींवर पांढऱ्या भुतासारखा तरंगत राहतो.

चिकटवल्यासारखं दिसण्याचं खरं कारण बहुधा आकार आहे. जवळपास सगळेच आतिषबाजी फार मोठी करतात. जत्रेत उडवतात त्या मोठ्या गोळ्यांचा एक ढोबळ हिशोब आहे: गोळ्याचा व्यास जितके इंच, तितके शंभर फूट तो वर जातो. तीन इंची गोळा साधारण 300 फुटांवर फुटतो आणि त्याचं फूल अंदाजे 130 फूट रुंद होतं. आता मोजपट्टी तुमच्या फोटोतच उभी आहे. पलीकडच्या काठावरची सहा मजली इमारत बघा. एक मजला दहा फुटांचा धरला तर ती 60 फूट झाली. फोटोत ती पाण्याच्या रेषेपासून गच्चीपर्यंत 120 पिक्सेल भरत असेल, तर एका फुटाला दोन पिक्सेल. म्हणजे त्याच काठावर आतिषबाजी होत असेल, तर फूल 260 पिक्सेल रुंद हवं आणि त्याचा मध्य पाण्याच्या रेषेपासून 600 पिक्सेल वर. ती काठाच्या मागे, तुमच्यापासून दुप्पट अंतरावर असेल, तर दोन्ही आकडे निम्मे: 130 रुंद, 300 उंच. तुमच्या स्वतःच्या फोटोचे आकडे घालून एकदा हे करून बघा, आत्ता टाकलेलं फूल किती मोठं झालंय ते लगेच कळेल. दिवाळीत गल्लीत उडवतात ते शॉट तर याहून बरेच खाली फुटतात.

यातली कोणती जागा निवडायची हे पाणी ठरवतं. समजा रेषेखाली फोटोत 500 पिक्सेल पाणी आहे. काठावरचं फूल 600 वर असेल, तर त्याचं प्रतिबिंब 600 खाली, म्हणजे जवळजवळ पूर्ण फ्रेमच्या बाहेर पडेल. तुम्ही ते ओढून आत बसवलंत की फोटो खोटा दिसणारच, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी खटकतं. मी दुप्पट अंतराचा पर्याय घेईन. फूल 300 वर, प्रतिबिंब 300 खाली, सगळं फ्रेमच्या आत.

मग आतिषबाजी इमारतींच्या मागे आहे हे विसरायचं नाही. स्क्रीनमध्ये ठिणग्या काळ्या भिंतीतून आरपार दिसतात, म्हणून इमारतींचा मास्क लागतोच. पाण्यातही तसंच. इमारतींच्या प्रतिबिंबांवर आतिषबाजीचं प्रतिबिंब येता कामा नये, तिथेही मास्क.

प्रतिबिंबासाठी आतिषबाजीच्या लेयरची, त्याला जोडलेल्या Levels सकट, प्रत करून Edit > Transform > Flip Vertical करा आणि पलीकडच्या काठाची पाण्याची रेषा हा आरसा धरून खाली बसवा. तुम्ही काठावर उभे होतात, कॅमेरा पाण्यापासून पाच-सहा फुटांवर असेल, म्हणून ही रेषा चालते. काटेकोर बघितलं तर मागच्या वस्तूचा आरसा त्या रेषेच्या किंचित वर असतो, पण इथे फरक सहाएक पिक्सेलचा. चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून काढलेल्या फोटोत हाच फरक पन्नासेक पिक्सेल होतो आणि प्रतिबिंब त्याच्या दुप्पट, शंभरेक पिक्सेल वर सरकतं. तसा फोटो वापरलात तर हे सांभाळावं लागेल.

आता प्रतिबिंबाचं रूप. पाण्यात गोल, रेखीव फूल दिसतं ते फक्त आरशासारख्या शांत पाण्यात. मेहरूणला थोडा तरी वारा असतोच. किती होता हे तुमचा फोटोच सांगतो: काठावरच्या एका दिव्याचं प्रतिबिंब पाण्यात किती लांब पसरलंय ते मोजा. तो पट्टा 150 पिक्सेलचा असेल, तर उलट्या लेयरला Filter > Blur > Motion Blur लावा, कोन 90 आणि अंतर 150 च्या आसपास. ठिणग्यांच्या बारीक रेषा विरघळतील आणि रंगाचे उभे पट्टे उरतील. कडकडीत फूल राहिलं आणि शेजारी दिव्यांचे पट्टे लांबलेले असले, तर त्या एकाच विसंगतीवरून फोटो पकडला जातो. ब्लरने लेयर मंद होतो, म्हणून त्यानंतर Levels ने थोडा उजळून घ्या.

उजेड मात्र वरच्या फुलाच्या बरोबरीला आणू नका. पाण्यावर अगदी तिरप्या कोनातून आलेला प्रकाश जवळपास सगळा परत फिरतो, सरळ खाली बघितलं तर जेमतेम दोन टक्के. त्यामुळे पलीकडच्या काठाजवळचं प्रतिबिंब उजळ असतं आणि आपल्याकडे येईल तसं मंदावतं. लेयरची Opacity साधारण 60 ठेवा आणि मास्कवर वरून खाली उतरता ग्रेडियंट ओढा. दिव्यांच्या पट्ट्यांशी ताडून बघा, त्यांच्यापेक्षा उजळ दिसलं तर आणखी कमी करा.

काही जण शेवटी इमारतींच्या भिंतींवरही लाल-हिरवा उजेड रंगवतात. तुमच्या फोटोत तो नको. आतिषबाजी मागे आहे, आपल्याकडच्या भिंतींवर तिचा थेट उजेड पडतच नाही. फार तर गच्चीच्या कडेला अगदी पुसट झाक द्या.