रिपोर्ट येईपर्यंत तिला काय लिहायचं?

प्रश्न: बायकोच्या स्तनातल्या गाठीची परवा बायोप्सी झाली. रिपोर्टला अजून चार दिवस आहेत. ती माहेरी आहे, मी साइटवर. रात्री दोन-दोन वाजता तिचे मेसेज येतात. "काही होणार नाही" म्हटलं की आणखी चिडते. नक्की काय लिहू?

चिडणारच. काही होणार नाही हे तुम्हाला कुठून कळलं? तिलाही तेच विचारायचं असतं, पण नवऱ्याशी भांडायची ती वेळ नसते म्हणून गप्प बसते किंवा भलत्याच गोष्टीवरून चिडते. मी हेच करून बसलो होतो, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी झालं. मी चाकणला, बायको नाशिकला, तिथे ती शाळेत शिकवते. वय छत्तीस. गाठ लागली, सोनोग्राफी झाली, गुरुवारी संध्याकाळी बायोप्सी. त्याच रात्री मी "टेन्शन नको घेऊस, सगळं ठीक असणार" असं लिहून वर हात जोडलेले दोन इमोजी टाकले. उत्तर आलं, "तू डॉक्टर आहेस का?" त्यानंतर दीड तास काहीच नाही. मग सव्वाबाराला एक फोटो आला. सोनोग्राफीच्या रिपोर्टचा शेवटचा परिच्छेद, त्यात BI-RADS 4A या अक्षरांभोवती तिने लाल गोल काढलेला, आणि खाली एवढंच: "चौथी स्टेज."

तेव्हा मला कळलं की गेले दोन दिवस ती ज्याला घाबरत होती ते मला माहीतच नव्हतं. मी आपला हवेत धीर देत होतो. म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं हे की आज रात्री काही लिहिण्याआधी तिला विचारा, "नेमकी कशाची भीती वाटतेय? रिपोर्टमधला कुठला शब्द?" बहुतेक वेळा एखादा शब्द किंवा आकडा असतोच, नाहीतर कुणीतरी नातेवाइकाने बोललेलं वाक्य असतं.

तो ४ म्हणजे स्टेज नव्हे. स्टेज ठरते ती कॅन्सर आहे हे सिद्ध झाल्यावर, तो किती पसरला आहे हे पाहून. BI-RADS चा आकडा सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी पाहणारे डॉक्टर देतात, ० ते ६ पर्यंत, आणि त्यातून एवढंच कळतं की चित्रावरून किती शंका येतेय आणि पुढे काय करायचं. २ म्हणजे साधी गाठ. ३ म्हणजे जवळजवळ नक्की साधी, सहसा सहा महिन्यांनी परत बघा. ४ म्हणजे नुसतं बघून सांगता येत नाही, तुकडा तपासा. ४ चे पुन्हा तीन भाग आहेत, ए, बी आणि सी. ए म्हणजे सगळ्यात कमी शंका, शंभर जणींमध्ये साधारण दोन ते दहा जणींना कॅन्सर निघतो. बायोप्सी सांगितली म्हणजे डॉक्टरांना आतून काहीतरी कळलंय आणि ते लपवतायत, असंही तिला वाटत होतं. पण ४ आला की बायोप्सी सुचवायची हा नेहमीचा नियमच आहे, त्यात वेगळा इशारा काही नसतो.

हे सगळं मी शुक्रवारी कंपनीतल्या ओळखीच्या डॉक्टरांकडून नीट समजून घेतलं आणि रात्री अकराला तिला लिहिलं. मेसेज अजून फोनमध्ये आहे, जसाच्या तसा देतो:

"जागी आहेस ना? मीही आहे. तो ४ स्टेजचा नाही गं. गाठ कशी दिसते त्यावरून सोनोग्राफीवाले आकडा देतात. ४ म्हणजे 'तुकडा तपासून बघा', आणि ए म्हणजे त्यातली सगळ्यात खालची पायरी. अशा शंभर गाठींतल्या नव्वद किंवा त्याहून जास्त साध्या निघतात. थोड्या निघत नाहीत, तेही खरं. आपली कुठली ते मला माहीत नाही, मंगळवारी कळेल. मी सोमवारी रात्री निघतोय, रजा टाकली. रिपोर्ट फोनवर आला तर एकटीने उघडू नकोस, दोघं मिळून उघडू. काहीही लिहिलेलं असो, मंगळवारी संध्याकाळी सहाला डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय. आता झोप. नाही आली तर मिस्ड कॉल दे, बोलायला काही नसलं तरी चालेल."

साडेबाराला मिस्ड कॉल आला. आम्ही वीसेक मिनिटं आमच्या गळक्या टाकीबद्दल बोललो.

त्या मेसेजमधलं एकही वाक्य रिपोर्ट वाईट आला असता तरी खोटं ठरलं नसतं. पाठवण्याआधी मी तेवढंच तपासलं होतं. "सगळं ठीक असणार" हे वाक्य मंगळवारी खोटं ठरू शकतं, आणि तसं झालं तर त्याच दिवशी, जेव्हा माझ्या शब्दावर तिचा भरवसा हवा, तेव्हाच तो उडालेला असणार. "मी सोमवारी रात्री निघतोय" याला रिपोर्टशी काही घेणंदेणं नाही. तुम्हाला साइट सोडून जाणं जमणार नसेल तर येतो म्हणू नका. रिपोर्ट व्हिडिओ कॉलवर एकत्र उघडू म्हणा, आणि त्या वेळी फोन हातात ठेवा.

शंभरातल्या नव्वदचा उपयोग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी होतो. तिने लगेच विचारलं, "मी त्या दहात असले तर?" इथे वाद घालायचा मोह होतो, तो टाळा. मी लिहिलं, "तर संध्याकाळी सहाला पुढचं काय ते डॉक्टरांना विचारू. मी शेजारी बसलेला असेन." ती त्यावर काही बोलली नाही, पण तो प्रश्न पुन्हा आलाही नाही.

शनिवारी नवीनच काहीतरी. सुई टाकली होती तिथली कातडी जांभळी-काळी पडली, तळहाताच्या निम्म्याएवढी. त्यात माझी आत्या फोनवर बोलून गेली, "गाठीला सुई लावायची नसते, पसरतं." ही समजूत आपल्याकडे घराघरात आहे. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले सुईने तुकडा काढल्याने आजार बळावत नाही, उलट तो काढल्याशिवाय उपचार ठरवताच येत नाहीत. ते काळंनिळं म्हणजे आत साकळलेलं रक्त. बायोप्सीची सुई रक्त तपासायच्या सुईपेक्षा बरीच जाड असते, आणि टक् असा आवाज करत दोन-चार तुकडे घेते. तिथला रंग पुढच्या आठवड्यात हिरवट, मग पिवळा होत जातो. दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि कापडात गुंडाळून बर्फ. जागा गरम लागली, सूज वाढत चालली, रक्त थांबेना किंवा ताप आला तर मात्र थांबायचं नाही, लगेच फोन करायचा. मी तिला हे लिहिलं आणि आत्याला मी स्वतः फोन केला. तुमच्याकडेही कुणी आत्या असेलच. त्यांना आवरणं तुमचं काम, बायकोवर टाकू नका.

मंगळवारी रिपोर्ट आलाच नाही. हे तुमच्याही बाबतीत होऊ शकतं, म्हणून आधीच सांगून ठेवा. मी लॅबला फोन केला तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडमनी परत बघायला घेतलंय." हे वाक्य बायकोने ऐकलं असतं तर ती रात्र गेलीच असती. पण उशिराचा आणि वाईट निकालाचा संबंध लावता येत नाही. तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये काही तास मुरवतात, मग मेणात बसवून त्याची वडी करतात, तिचे केसापेक्षा पातळ काप काढून रंगवतात आणि मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मध्ये रविवार आला तर एक दिवस जातो. काप नीट आला नाही किंवा आणखी खोलवरचा बघायचा असेल तर आणखी एक-दोन. साध्या गाठीतही हे होतं. मी तिला खरं तेच सांगितलं: "त्यांनी आणखी काप मागवलेत, उद्या दुपारी देतील. का ते मला माहीत नाही, विचारलं पण काउंटरवर सांगत नाहीत. डॉक्टरांची वेळ उद्यावर ढकलून घेतली." लपवून ठेवलं असतं तर माझ्या चेहऱ्यावरून कळलंच असतं, एव्हाना मी घरी पोचलो होतो.

बुधवारी दुपारी तीनला पीडीएफ आली. दोघं स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभे. मी उघडली, आणि ती माझ्या खांद्यावरून बघत होती. तिची नजर थेट तळाशी गेली आणि तिने ओटा घट्ट धरला. तिला malignancy एवढा एकच शब्द दिसला होता. पूर्ण ओळ होती, "No evidence of malignancy." म्हणजे कॅन्सरचा पुरावा आढळला नाही. वर निदान लिहिलं होतं फायब्रोअ‍ॅडिनोमा, म्हणजे तरुण वयात नेहमी आढळणारी साधी गाठ. तरी आम्ही सहाला डॉक्टरांकडे गेलोच. तिथे कळलं की रिपोर्ट चांगला आला म्हणून विषय संपत नाही, तो सोनोग्राफीत दिसलेल्या गाठीशी जुळतो का हे डॉक्टर बघतात, नाही जुळला तर पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. आमचा जुळला. सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी सांगितली. तुम्ही रिपोर्ट उघडाल तेव्हा वरची 'Diagnosis' लिहिलेली जागा बोटाने दाखवून मोठ्याने वाचा, तिला एकटीला शब्द शोधू देऊ नका.

आता तुमच्यासाठी एक गोष्ट, माझा मेसेज उचलून पाठवण्याआधी. तिच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर नेमकं काय लिहिलंय ते बघून घ्या. ४ए असेल तर नव्वदचं वाक्य ठेवा. ४बी असेल तर शंका दहा ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये कुठेही असते, तिथे ते वाक्य चालणार नाही. ४सी किंवा ५ असेल तर आकड्यांबद्दल अक्षरही लिहू नका. तिने विचारलंच तर "शंका जास्त आहे, मला माहीत आहे" एवढं म्हणा. स्टेजवाला गैरसमज तेव्हाही दूर करता येतो, कारण तो आकडा तेव्हाही स्टेज नसतोच. बाकी गाडी, डॉक्टरांची वेळ, रिपोर्ट दोघांनी उघडणं आणि मिस्ड कॉल तसंच राहू द्या. आणि डॉक्टरांची वेळ आधी खरंच घ्या, मग लिहा.